षड्ज पुसला गेला तेव्हा

बाईंनी मला शाळेत गाणं शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावरही त्या पंचवटीत घरी क्लास घेत. त्यांच्या सत्तरीनिमित्त तिथल्या संगीत मंडळाने मैफल ठेवली आणि व्हिडिओ एडिटिंगचं काम माझ्याकडे आलं.

चूक मंडळाची होती. इलेक्ट्रॉनिक तानपुरा त्यांनी थेट बाईंच्या माइकजवळ ठेवला होता, त्यामुळे रेकॉर्डिंगभर त्याचीच घूं घूं ऐकू येत होती. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "आवाज साफ करा. उद्या हवंय."

मी सॉफ्टवेअरला सुरुवातीच्या नुसत्या तानपुऱ्याचा नमुना दिला, तसा आवाज सगळीकडून काढून टाकायची पट्टी पूर्ण ओढली आणि घाईत, नीट न ऐकताच फाइल पाठवून दिली.

चार दिवसांनी बाईंचा फोन आला. "क्लास बंद करतेय रे. माझा सा लागत नाही आता."

त्यांच्याकडूनच कळलं, मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर व्हिडिओ लावला होता. सेक्रेटरी हसत म्हणाले होते, "वय झालं की आवाज जातोच हो."

मी फाइल लावली आणि माझं डोकं फिरलं. बाई 'सा'वर स्थिरावल्या की आवाज पाण्याखालून आल्यासारखा विरत होता. पंचमावरही तेच. तानपुराही सा-पच धरतो; त्याचे स्वर पुसताना मी बाईंचेही पुसले होते. चाळीस वर्षं घोटलेला सा मी एका झटक्यात खाल्ला होता!

मूळ रेकॉर्डिंग पुन्हा उघडलं. या वेळी पुसायचं नाही असं ठरवलं. गळा आणि तानपुरा सॉफ्टवेअरने दोन वेगळ्या ट्रॅकवर काढले. तानपुरा फक्त खाली आणला, पूर्ण घालवला नाही. तरी शब्दांची सुरुवात आणि शेवट बोथट वाटत होते, म्हणून तिथे मूळ रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात मिसळलं. प्रत्येक सा डोळे मिटून ऐकला.

मग बाईंकडे गेलो. हेडफोन लावून त्यांनी दोन्ही फाइली ऐकल्या.

"म्हणजे हे तू केलंस?"

"हो बाई. घाई केली. ऐकलंच नाही."

"ऐकलं नाहीस?" त्यांचा आवाज चढला. "तुला मी दुसरं शिकवलं तरी काय होतं?"

त्यांनी माझ्यादेखतच सेक्रेटरींना फोन लावला. "पुढच्या बैठकीत नवा व्हिडिओ लावायचा. मी समोर बसणार. आणि वयाचं काय म्हणालात, ते परत म्हणून दाखवायचं."

बैठकीत व्हिडिओ लागला. सेक्रेटरी म्हणाले, "टेक्निकल प्रॉब्लेम होता तर." माफी नाही, काही नाही. मी उठून सांगितलं की आवाज बाईंचा गेला नव्हता, माझ्या हातून गेला होता, आणि तानपुरा माइकला चिकटवणाऱ्यांनी वयावर बोलू नये.

क्लास सुरू आहे. बाई माझ्याशी मात्र अजून मोजकंच बोलतात.