भिंतीबद्दल मालकांना लिहिलेली चिठ्ठी

नववीत असताना पत्रलेखनात मला दहापैकी नऊ मार्क पडले, आणि त्या दिवसापासून आमच्या गल्लीतले सगळे अर्ज माझ्या गळ्यात आले. राशनकार्डाचा अर्ज, नळाचा अर्ज, कुणाच्या सासरी धाडायची खुशाली, सगळं मीच लिहायचे. मला घमेंडही बरीच होती. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द लिहिताना तर मी स्वतःला तहसीलदारच समजायचे. म्हणून अब्बांनी मालकांना चिठ्ठी लिहायला सांगितलं तेव्हा मी जेवण अर्धं टाकून उठले.

आम्ही वणीत भाड्याने राहत होतो. आम्ही पिंजारी. रस्त्याकडच्या खोलीत अब्बांचं कापूस पिंजायचं मशीन आणि गादीचं दुकान, मागच्या खोलीत आम्ही तिघं. त्या वर्षांत कापसाने सगळ्या जिल्ह्याचं तोंड कडू करून ठेवलं होतं. ज्याच्या घरी कापूस विकला जात नाही तो नवी गादी कशाला भरतो? लोक जुन्याच गाद्या उसवून परत पिंजायला आणायचे, आणि त्यातली वर्षानुवर्षांची धूळ आमच्या घरात झडायची. अम्मी त्या धुळीत बसून खोळी शिवायची.

मागच्या खोलीची एक भिंत त्या पावसाळ्यात ओली झाली. आधी कोपऱ्यात वर छताजवळ एक डाग दिसला, मग तो खाली उतरत गेला. रंगाला फोड आले, फोड फुटून पापुद्रे पडले, खाली मिठासारखा पांढरा खार जमला. आणि वास. ओल्या गोणपाटात कांदे विसरावेत तसा कुबट वास. तो कपड्यांना लागला, पिठाला लागला, माझ्या दप्तराला लागला. वर्गातली शेजारीण नाक न मुरडता जरा सरकून बसायची, आणि तिचा तो समजूतदारपणा मला नाक मुरडण्यापेक्षा जास्त झोंबायचा.

अब्बांनी त्यांच्या अकलेने इलाज केला. कापसाची पोती त्या भिंतीला लावून रचली. कापूस ओल ओढून घेईल, वास दबेल, असा हिशेब. कापसाने ओल ओढलीच, पण ती सोडायचं नाव घेईना. आठ दिवसांनी पोती हलवली तर आतून काळी पडलेली. आयुष्यभर कापसात हात घातलेल्या माणसाने ही चूक केली, आणि मी मोठ्याने हसले. अम्मीही हसली, पण हसता हसता तिला खोकला लागला आणि तो थांबेचना.

दमा तिला आधीपासून होता. त्या पावसात तो भिंतीबरोबर वाढला. झोपताना ती पाठीला दोन गाद्या लावून बसूनच राहायची. आमच्याकडे गाद्यांना काय तोटा.

तर चिठ्ठी. मालक मुकुटबनचे शेतकरी. स्वभावाने भले, महिन्यातून एकदा वणीला यायचे आणि दुकानाच्या पायरीवरूनच रामराम करून जायचे. मी लिहिलं:

'माननीय घरमालक यांस, सप्रेम नमस्कार. आम्ही राहतो त्या मागच्या खोलीच्या भिंतीत पाणी मुरत असून खोलीत फार कुबट वास येतो. रंग निघाला आहे व कापूस खराब होत आहे. माझ्या आईला त्यामुळे दम लागतो व झोप येत नाही. तरी आपण स्वतः येऊन भिंत पाहावी व दुरुस्ती करून द्यावी, ही विनंती.'

वाचून दाखवलं. अब्बा मान डोलवत होते, आईच्या वाक्याला त्यांची मान थांबली.

"हे काढ," ते म्हणाले.

"काहून?"

"घरातल्या बाईची तब्येत चिठ्ठीत लिहीत नसतात. आन् त्यायले वाटलं का टीबी आहे, तं? खोली खाली करा म्हणतील. मंग कुठी जाऊ मशीन घेऊन?"

"टीबी नाही ना पण अम्मीले."

"तुले माहीत, मले माहीत. त्यायले काय माहीत?"

मी अम्मीकडे पाहिलं. तिने दाताने दोरा तोडला आणि सुईत ओवला. "काढ बेटा," म्हणाली. "भिंतीची चिठ्ठी आहे, भिंतीचंच लिही."

मला वाक्य काढायचं वाईट वाटलं, हे खरं. पण का वाईट वाटलं? खाडाखोडीने चिठ्ठी घाण दिसेल म्हणून. मी त्या वाक्यावर रेघ मारली आणि दुसऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात सगळं परत उतरवलं. अब्बांनी ती मुकुटबनला जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती दिली. पहिला कागद माझ्या वहीतच राहिला.

मालक चिठ्ठी मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी आले, म्हणजे भला माणूसच. त्यांनी सकाळी निरोप धाडला होता की दुपारी भिंत पाहायला येतो. अब्बा दुकानात, मी शाळेत. घरी अम्मी एकटी. आणि मालक पहिल्यांदाच आमच्या घरात पाऊल टाकणार!

मी शाळेतून आले तर खोली ओळखू येईना. काळा पडलेला कापूस मागच्या अंगणात गेला होता. खार पुसून काढला होता. भिंतीवर वरपासून कमरेपर्यंत अम्मीने स्वतः शिवलेली तुकड्यांची चादर टांगली होती, लाल आणि हिरवी, माझ्या लग्नासाठी ठेवलेली. आणि लोबान. निखाऱ्यावर लोबान घालून तिने सगळ्या कोपऱ्यांतून धूर फिरवला होता. आमच्यात जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, लोबान जाळतात, पाहुणा यायचा असला तरी जाळतात. खोलीत दर्ग्यासारखा वास दरवळत होता.

"अम्मी, वास दाखवायलेच तं बोलावलं ना त्यायले!"

"मंग काय सडक्या वासात बसवू मानसाले? लोक काय म्हणतील, पिंजाऱ्याची बायको घर झाडत नाही?" एवढं बोलताना ती तीनदा थांबली. त्या धुराने तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मग ती आपला खोकला घेऊन शेजारच्या घरी जाऊन बसली, मालकांच्या कानावर पडू नये म्हणून.

मालक आले. चपला बाहेर काढल्या, आत येऊन उभे राहिले, दीर्घ श्वास घेतला.

"वास तं काही येऊन नाही राह्यला, भाऊ. उलट मस्त वाटून राह्यलं."

अब्बा कसनुसे हसले. मालकांनी चादरीखाली उघडी राहिलेली भिंत पाहिली, हात लावून पाहिला. "हे खालून चढलेली ओल आहे. काळी जमीन, पाणी धरून ठेवते. आता प्लास्टर करून फायदा नाही. ओल्या भिंतीवर सिमेट धरत नाही. दिवाळी होऊ द्या, भिंत वाळली का मिस्त्री पाठवतो. शब्द देतो."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. ओल्या भिंतीवर प्लास्टर टिकत नाही हे कुणीही मिस्त्री सांगेल. फक्त ओल खालून चढलेली नव्हती. ती वरून उतरली होती, आणि वरचा सगळा डाग चादरीखाली होता. चादरीचं टोक माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. मी ते ओढू शकत होते. मी चहाचा कप पुढे केला. मालक चादरीकडे पाहून म्हणाले, "कोनं शिवली? लय सुंदर आहे." अब्बांचा चेहरा उजळला, आणि मला वाटलं, जाऊ दे, दिवाळी काही लांब नाही.

दिवाळी लांब होती. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात एका पहाटे अम्मीला श्वास घेता येईना. ऑटोने सरकारी दवाखान्यात नेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तिच्या केसांना त्या भिंतीचा वास होता. दवाखान्यात पोचेपर्यंत ती माझं बोट धरून होती, नंतर नव्हती. डॉक्टर म्हणाले, दमा जुना, कापसाची धूळ, घरात ओल, सगळंच. एकट्या भिंतीला दोष देता येत नाही, हे मला आजही कळतं. कळून काही उपयोग होत नाही.

तिसऱ्या दिवशी अम्मीच्या नावाने फातेहा पढायचा होता. मालक मुकुटबनहून आले. घरात लोबान जळत होता. ते दारातच थबकले.

"भाऊ, त्या दिवशी बी असाच वास होता."

अब्बांनी मान खाली घातली. मग सगळं सांगितलं. दमा, खोकला, शेजारचं घर. मालक उभ्या उभ्या ऐकत राहिले.

"वरच्या गल्लीतली माही खोली पावसाळाभर खाली पडून होती," ते म्हणाले. "कोरडी, उन्हाची. मी त्याच दिवशी चाबी दिली असती. चिठ्ठीत काहून नाही लिहिलं, भाऊ?"

मी वही आणली आणि तो पहिला कागद मालकांपुढे धरला. कशासाठी आणली कोण जाणे. राग होता, पण कुणावर होता ते मला सांगता येणार नाही. त्यांनी रेघेखालचं वाक्य वाचलं, डोळ्यांना उपरणं लावलं आणि कागद मला परत दिला.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्री आला. त्याने चादर काढली, वर पाहिलं, आणि हातोडीने दोन घाव घालून प्लास्टर पाडलं. छतावरचं पाणी खाली आणणारा पाइप भिंतीत गाडलेला होता, त्याचा वरचा जोड फुटला होता. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच," तो म्हणाला. "प्लास्टर मंग केलं असतं, पण पाइप तं भरपावसात बी बदलला असता. अर्ध्या दिवसाचं काम." आणि खरंच, दुपारच्या जेवणापर्यंत पाइप बसला. भिंत वाळायला महिना लागला. मग प्लास्टर झालं, चुना झाला. खोलीतला वास गेला.

तेव्हा अब्बा म्हणाले, मालकायले एक चिठ्ठी लिही, काम चांगलं झालं म्हणून. मी लिहायला बसले. भिंत कोरडी झाली, वास येत नाही, आपले आभारी आहोत. वाचून दाखवलं.

"ते बी लिही," अब्बा म्हणाले.

"काय?"

"तेच. आईले दम लागत होता म्हणून."

मी लिहिलं. अब्बांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा होता तो मी सुलटा केला. "कोनती ओळ?" त्यांनी विचारलं. मी दाखवली. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि जीपवाला बाहेरून हाका मारत राहिला तरी उचललं नाही.