कपाला गप्प करायची युक्ती

ट्रॅव्हल एजन्सीत त्याला सगळे नॉनस्टॉप म्हणत. लांबच्या भाड्यांवर उभी हयात घालवलेला हा ड्रायव्हर वाटेत थांबायचा तो डिझेलसाठी किंवा पॅसेंजरला लघवीला जायचं असेल तर, आणि तेही पॅसेंजरने दोनदा सांगितल्यावर. झोप हा आळशी लोकांचा छंद आहे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. घरी मात्र जेवण झालं की पाच मिनिटांत भिंत हादरेल असा घोरायचा. पण ते घरचं झालं, त्याचा हिशोब वेगळा.

अशा माणसाच्या हाती एजन्सीची नवी गाडी आली आणि पहिल्याच लांबच्या फेरीत तिने त्याचा अपमान केला. टिंग असा आवाज झाला, स्पीडोमीटरशेजारी वाफाळत्या कॉफीच्या कपाचं चित्र उमटलं आणि खाली अक्षरं आली, विश्रांती घ्या.

"माझी बायको मला असं सांगत नाही," तो मागच्या पॅसेंजरला म्हणाला, "आणि ही कालची पोर सांगतेय!"

गाडी ताब्यात देताना शोरूमच्या माणसाने सगळं नीट समजावलं होतं. "यात तोंडावर कॅमेरा वगैरे नाही. गाडीने वेग घेतला की ती तुमच्या स्टिअरिंगवर लक्ष ठेवते. सुरुवातीला तुमचा हात कसा चालतो ते शिकून घेते. पुढे तो सुस्तावला, म्हणजे थोडा वेळ हललाच नाही आणि मग एकदम झटका दिला, असं वरचेवर व्हायला लागलं की कप येतो." हे सगळं नॉनस्टॉपने विमा एजंटाचं ऐकावं तसं ऐकलं. म्हणजे मान हलवली आणि मनात दुसराच विचार केला.

युक्ती त्याला अशीच सापडली. एकदा कप आलेला असताना तो पंपावर डिझेलसाठी उतरला, परत येऊन बसला, तर कप गायब! गाडीच्या मते माणूस पट्टा काढून, दार उघडून उतरला म्हणजे त्याची विश्रांती झाली. मग उतरायची तरी काय गरज? कडेला जागा बघून थांबायचं, पट्टा काढायचा, दार उघडायचं, लावायचं, निघायचं. कपवाल्या गाड्या आता बऱ्याच जणांकडे होत्या. त्याच संध्याकाळी ड्रायव्हरांच्या ग्रुपवर त्याने आवाज रेकॉर्ड करून ही युक्ती पाठवली. वर केलेल्या अंगठ्यांचा पाऊस पडला. पुढचे आठ दिवस गडी जमिनीवर नव्हता.

आता त्याच्या लेकीची गोष्ट. ती याच एजन्सीत शहरातल्या शहरात गाडी चालवायची आणि तिला लांबची भाडी हवी होती. मालक म्हणाले, "एक फेरी बापाच्या नव्या गाडीवर, त्याला शेजारी बसवून कर. तो हो म्हणाला तर पुढच्या महिन्यापासून लांबच्या गाडीवर तू." बापाच्या एका शब्दावर सगळं अडलेलं. लेक आदल्या रात्री धड झोपलीच नाही.

जाताना तिने दृष्ट लागावी अशी गाडी चालवली. पॅसेंजरना त्यांच्या दारात सोडलं, बाप-लेक दोघं जेवले आणि भर दुपारी रिकाम्या गाडीने परत निघाले. रस्ता सरळसोट. ऊन, एसीची गार हवा आणि इंजिनाची एकसुरी घरघर. बापाने मनातल्या मनात तिला केव्हाच पास करून टाकलं होतं. तेवढ्यात टिंग झालं.

कप आला.

लेकीने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या पंपाच्या आवारात गाडी घेतली, पट्टा काढला, दार उघडलं, लावलं, पट्टा ओढला आणि निघाली. कप गेला होता.

"काय बाबा, जमलं ना? तुमचीच युक्ती!"

"माझीच लेक आहेस," नॉनस्टॉप म्हणाला आणि मिशीत हसला. ते हसू फार वेळ टिकलं नाही.

इतकी वर्षं तो कधी शेजारच्या सीटवर बसलाच नव्हता. तिथून ड्रायव्हर कसा दिसतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. तिचा हात स्टिअरिंगवर पडून होता, ढिम्म. गाडी हळूहळू कडेच्या पांढऱ्या पट्ट्याकडे सरकत गेली आणि मग एका झटक्यात सरळ झाली. पुन्हा हात ढिम्म, पुन्हा झटका. तिच्या पापण्या मिटायच्या त्या उघडायला जरा जास्तच वेळ घ्यायच्या. तो कपाची वाट बघत राहिला. आता येईल, आत्ता येईल. कप काही येईना.

आणि शोरूमच्या त्या माणसाचं बोलणं त्याच्या डोक्यात लख्ख उभं राहिलं. सुरुवातीला तुमचा हात कसा चालतो ते शिकून घेते. दार उघडून लावलं तेव्हा गाडीने पाटी कोरी केली होती आणि पेंगणारा हात हाच तिचा नेहमीचा हात म्हणून शिकून घेतला होता. मग तिला फरक दिसणार कुठून? आपण कपाला गप्प केलं असं इतके दिवस तो समजत होता. त्याने गाडीचे डोळे फोडले होते.

"पुढे थांबायची जागा आहे, तिथे घे," तो शक्य तितक्या सहज म्हणाला.

"कशाला? कप कुठे आलाय?"

"घे म्हणतो ना! आणि तोवर काच खाली कर, माझ्याशी बोलत राहा."

झाडाखाली गाडी उभी राहिली. लेकीचा चेहरा उतरला होता. "म्हणजे मी नापास. मला माहीत होतं. कप आला तेव्हाच झोपणार होते मी, वीस मिनिटं. पण नॉनस्टॉपची मुलगी पहिल्याच फेरीत थांबली, असं झालं असतं. तुम्ही कधी थांबलात का?"

यावर बापाकडे उत्तर होतं, फक्त ते त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

"नाही थांबलो," तो म्हणाला. "म्हणून तर कितीदा टोलनाका मागे पडायचा आणि मला आठवायचं नाही, की पैसे कुणाला दिले. सुटे पैसे मांडीवर असायचे, म्हणजे दिले असणार. मागे माणसं बसलेली असायची ग. पोरंबाळं असायची. माझी हुशारी नव्हती ती, माझं नशीब होतं. तू त्याच्या भरवशावर गाडी चालवू नकोस."

लेक म्हणाली, "आणि मालकांना काय सांगणार?"

"पास सांगणार. आता थांबलीस म्हणून. झोप!"

तिने सीट मागे पाडली आणि बघता बघता तिला झोप लागली, बापासारखीच, थोडं घोरतसुद्धा. नॉनस्टॉप खाली उतरला, दार आवाज न करता लावलं आणि फोन काढून ग्रुप उघडला. तीनदा रेकॉर्ड केलं, तीनदा खोडलं. चौथ्यांदा सरळ बोलला.

"मी नॉनस्टॉप बोलतोय. दार उघडून लावायची ती युक्ती विसरा. त्याने झोप जात नाही, कप तेवढा जातो. पुन्हा निघालात की गाडी तुमची पेंगच शिकते आणि मग काही सांगत नाही. कप आला तर थांबा, झोपा थोडं. मी चुकलो."

उत्तरं यायला लागली. एकाने हसून लोळणारी तोंडं पाठवली. एकाने लिहिलं, नॉनस्टॉपला लागला ब्रेक. एकाने विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना? त्याला लागलं जरा, नाही असं नाही. इतक्या वर्षांचं नाव एका मिनिटात गेलं होतं. तो फोन खिशात टाकणार एवढ्यात आणखी एक उत्तर आलं. शाळेच्या सहलींची बस चालवणारा ड्रायव्हर होता तो, ग्रुपवर सहसा न बोलणारा.

"काका, पंपावर उभा आहे. दार आत्ताच उघडून लावलं, निघतच होतो. मागे चाळीस मुलं आहेत. बाईंना सांगून झोपतो."