आठव्या मजल्यावरची मोकळी जागा

बाळांनो, माझ्या वाढदिवसाला व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, शेजारचं कुणीच कसं दिसत नाही?" मी नेटवर्कचं काहीतरी सांगून विषय बदलला. ते खोटं होतं, म्हणून आता लिहिते.

नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर आमची अकरा मजली इमारत. आठव्या मजल्यावर रिफ्यूज एरिया आहे. आग लागली, खाली उतरता आलं नाही, तर सुटका होईपर्यंत माणसांनी थांबायची ती उघडी जागा. ती कायम रिकामी ठेवायची असते.

बुद्धपौर्णिमेला तिथे तासभर खीर वाटावी, असं माझ्या मनात होतं. इंग्रजी चांगलं म्हणून सोसायटीची सेक्रेटरी मीच, तरी रीतसर अर्ज केला. अध्यक्ष म्हणाले, "न्हाई जमायचं मॅडम. फायरचा नियम हाय."

त्याच जागेत भजनी मंडळाचं कपाट होतं. त्यात हार्मोनियम, बाहेर सतरंज्या आणि मांडवाचे बांबू. त्यामुळे जिन्याकडून त्या जागेत येणारं दार अर्धंच उघडायचं. मंडळ चालवायची नवव्या मजल्यावरची लातूरची बाई. माझा संध्याकाळचा चहा सात वर्षं तिच्याबरोबर. अर्ज नाकारला त्या बैठकीत ती माझ्या शेजारीच बसली होती. काही बोलली नाही.

जूनमध्ये वार्षिक फायर ऑडिट झालं. परवानाधारक एजन्सीच्या माणसाने पंप चालवून पाहिला, जिने पाहिले आणि अहवालात लिहिलं: रिफ्यूज एरियात अडथळा. अडथळा दूर केल्याशिवाय तो माणूस जुलैचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला, देणार नव्हता.

अध्यक्ष घरी आले. "मॅडम, 'जागा मोकळी केली' असं झकास इंग्रजीत लिहून टाका. कोण बघायला येतंय?"

"आधी मोकळी करा. मग लिहीन."

"देवाचं कपाट हाय ते!"

"माझी खीर काय सैतानाची होती?"

ते उठून गेले. कपाट हलेपर्यंत मी त्या पत्रावर सही केली नाही. अखेर चार माणसांनी ते खाली नेलं.

संध्याकाळी माझी चहाची सोबतीण आली. बसली नाही.

"अक्का, खिरीचा राग काढलात ना?"

"काढला. पण नियम खराच आहे. तुमच्या ह्यांचे गुडघे असे. आग लागली तर ते नऊ मजले उतरतील का? एकच मजला उतरून त्यांना थांबायला हीच जागा आहे."

"हे मेमध्ये का नाही सांगितलं? कपाट तवाबी तिथंच होतं."

सात वर्षं त्या अर्ध्या दारातून मीही जात होते, आणि कपाट मला दिसलं ते खीर नाकारल्यावर.

भजन आता तिच्या हॉलमध्ये होतं. मला बोलावणं नसतं, आणि मंडळातलं कुणी माझ्याकडे येतही नाही. लिफ्टमध्ये ती आकड्यांकडे बघत उभी राहते.

दर रविवारी सकाळी मी आठव्या मजल्यावर जाते. जागा रिकामी आहे. दार पूर्ण उघडतं.