साठातला एक

आमच्या सासूबाईंना सगळे विद्यार्थी पाठीमागे रेघाबाई म्हणतात. पुढ्यात म्हणायची कुणाची छाती नाही. वाणिज्यच्या कुठल्याही धड्याला त्या फळ्यावर चेक काढतात आणि डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारतात. "या रेघा मारल्या की खिडकीवर पैसे मिळत नाहीत. बँकेच्या खात्यातूनच जायचं." हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच पाठ केलं, कारण क्लास आमच्याच बाहेरच्या खोलीत भरतो आणि मधल्या भिंतीतून सगळं ऐकू येतं.

त्यांचं एक पुस्तक आहे, बहुपर्यायी प्रश्नांचं. बावीस वर्षं चालतंय. लेखा-सहायकाच्या परीक्षेला बसणारे सगळे तेच वाचतात, आणि खरं सांगायचं तर परीक्षा मंडळाचे लोकही प्रश्न काढताना तेच उघडून बसतात. यंदा मीही बसले होते. सासूचं पुस्तक, सासूचा क्लास, वर घरचा स्वयंपाक करून अभ्यास. उत्तीर्ण व्हायला साठ गुण लागतात आणि मला बरोब्बर साठ मिळाले. नवऱ्यानं पेढे आणले. शाळेच्या लेखा विभागातली जागा या निकालावर अडली होती, म्हणून माझ्या आनंदाला पारावार नव्हता.

निकालाच्या पाचव्या दिवशी एक बाई आल्या. चाळिशीच्या, खांद्यावर पिशवी. एका छापखान्यात हिशेब लिहितात असं म्हणाल्या. त्यांना एकोणसाठ होते. पिशवीतून प्रश्नपत्रिका काढून त्यांनी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"बाई, एक्केचाळिसावा प्रश्न बघा. 'नॉट निगोशिएबल' असं रेखांकन केलेला चेक. मंडळाचं उत्तर आहे 'अ': हस्तांतरित करताच येत नाही. मी 'ब' लिहिलंय: करता येतो, पण घेणाऱ्याला देणाऱ्यापेक्षा चांगला हक्क मिळत नाही. मी ग्रंथालयात बसून कायदा वाचलाय. हरकत घ्यायची मुदत परवा संपते. पण मंडळ म्हणतं, नुसतं तुमचं म्हणणं नको, या विषयातल्या कुणा जाणकाराचं पत्र जोडा."

"मंडळानं उत्तर कशावरून दिलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्या पुस्तकावरून. पान एकशे सात."

सासूबाईंनी चष्मा लावला, कपाटातून कायद्याचं जाड पुस्तक काढलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते, तो तसाच हातात राहिला. मला माझं उत्तर आठवत होतं. 'अ'. पुस्तकात होतं तेच.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "नॉट निगोशिएबल म्हणजे दुसऱ्याला देता येत नाही असं मी धरून बसले. पाठीमागे सही करून देता येतो. फक्त देणाऱ्याचा हक्क खोटा असेल तर घेणाऱ्याचाही खोटाच. बावीस वर्षं चुकीचं शिकवलं मी. उद्या सकाळी या, पत्र तयार असेल."

त्या गेल्या आणि मी ट्रे आपटला. खोटं कशाला बोलू, मला राग आवरला नाही.

"आई, 'ब' बरोबर ठरलं तर माझे एकोणसाठ होतील. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग दुसऱ्या कुणाकडून आणू दे की पत्र. तुम्हीच कशाला? घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथं तर वासाच आधी फिरतोय."

"दुसरा कोण देणार? सगळे माझंच पुस्तक दाखवतील."

नवऱ्यानं मध्ये तोंड घालायचा प्रयत्न केला. त्याची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी होती, म्हणून तो लवकरच अंघोळीला गेला.

मग मी वाद घातला तो त्यांच्याच विषयात. इतके दिवस भिंतीतून ऐकलेलं फुकट कसं जाईल? "बरं, यथाविधी धारक म्हणजे काय, तुम्हीच शिकवता ना? ज्यानं किंमत मोजून, मुदतीच्या आत, मनात खोट न ठेवता आणि आधीच्या माणसातला दोष माहीत नसताना चेक घेतला, त्याचा हक्क पक्का. चेक चोरीचा असला तरी. मी अभ्यासाची किंमत मोजली. पुस्तक चुकीचं आहे हे मला माहीत नव्हतं. तो गुण माझा आहे."

मला वाटलं, जिंकले.

"व्याख्या अगदी बरोबर सांगितलीस," सासूबाई म्हणाल्या. "पण प्रश्न कुठल्या चेकचा आहे? ज्यावर नॉट निगोशिएबल लिहिलंय, त्याचा. तो तू कितीही प्रामाणिकपणे घे. चोराकडून आला असेल तर खऱ्या मालकाला परत द्यावा लागतो. तो गुण तुला माझ्याकडून मिळाला, आणि माझ्याकडेच तो खरा नव्हता. माझ्यापेक्षा चांगला हक्क तुला कुठून मिळणार?"

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंसुद्धा विचारलं नाही.

पत्र गेलं. मंडळानं त्यांनाच बोलावून घेतलं. तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांच्यापुढे त्यांचंच पुस्तक उघडलं आणि विचारलं, पुस्तकात 'अ' आहे आणि पत्रात 'ब', आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा? सासूबाईंनी त्याच्या टेबलावरचं लाल पेन उचललं, पान एकशे सातवरचं 'अ' खोडलं, शेजारी 'ब' लिहिलं आणि खाली तारखेसह सही केली. हे मला त्यांनी नाही, त्या छापखान्यातल्या बाईंनी सांगितलं. सुधारित निकाल लागल्यावर त्या आल्या होत्या. साठ झाले, म्हणाल्या, आणि डोळे पुसले. मी त्यांना पाणी दिलं. माझे किती झाले ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. शाळेतली जागा दुसऱ्या कुणाला गेली.

त्या आठवड्यात सासूबाई रोज दुपारी प्रकाशकाच्या गोदामात जाऊ लागल्या. विकायच्या राहिलेल्या साडेतीनशे प्रतींतलं ते एक उत्तर त्या हातानं सुधारत होत्या. प्रकाशक म्हणाला होता, एक चिठ्ठी चिकटवू. त्या म्हणाल्या, चिठ्ठ्या गळून पडतात. गुडघे दुखत असताना स्टुलावर बसून एकेक प्रत. तिसऱ्या दिवशी मी डबा द्यायला गेले. त्या मान वर न करता लिहीत होत्या. मी समोरच्या खोक्यावर बसले, दुसरं पेन घेतलं आणि पान एकशे सात उघडलं. पन्नासेक प्रती दोघींनी मिळून केल्या.

मग त्या म्हणाल्या, "तुझी जागा माझ्यामुळे गेली. मला ते फार लागलंय. रात्री झोप येत नाही. पण सही मी परत घेतली नसती."

"माहीत आहे," मी म्हणाले. "पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय मी. सकाळी तासभर शिकवा. पुस्तक बाजूला ठेवून, कायदा समोर ठेवून."

त्यांनी माझ्या हातातली प्रत घेतली, मी केलेली दुरुस्ती नीट तपासली आणि पुढची प्रत माझ्याकडे सरकवली.