नक्कल काढायला लावलेले दिवस

शिरूरच्या कोर्टात माझा घटस्फोट झाला तेव्हा मी दौंडला रेल्वेच्या सिग्नल विभागात होतो, अजूनही तिथंच आहे. अर्ज बायकोनं केला होता. ती माहेरी निमोण्याला राहायला गेली होती, म्हणून केस शिरूरला चालली. तक्रार एकच, नवऱ्याचा संशय. मी शेवटपर्यंत घटस्फोटाला नाही म्हणत राहिलो आणि कोर्टानं तिचं मान्य केलं.

निकालाच्या दिवशी माझ्या वकीलबाईंनी बाररूमबाहेर मला थांबवलं. साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी सांगितलं की अपील करायचं असेल तर नव्वद दिवस आहेत, आजचा दिवस सोडून उद्यापासून मोजायचे. निकालपत्राच्या नकलेसाठी अर्ज केलात तर नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. मी हो हो म्हणालो. अपील करायचा माझा काही विचार नव्हता. क्वार्टरमध्ये एकट्याचा स्वयंपाक करायची सवय तोवर झाली होती.

पंधरा-सोळा दिवसांनी कळलं की तिचं दुसरं ठरतंय. सांगणारा तिच्याच गावचा, आमच्या गँगमधला माणूस. स्थळ सणसवाडीचं. तिथल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारा, बायको वारलेला, शांत माणूस. त्यानं 'शांत' हा शब्द दोनदा वापरला. त्या दिवशी गाडीचा रूळ बदलणाऱ्या पॉइंटची तपासणी करताना मी एक नट दोनदा आवळला आणि दुसरा विसरलो. सोबतच्यानं पाहिलं म्हणून बरं झालं.

आमच्या विभागात एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे मामा म्हणत. भावकीशी जमिनीची केस लढून त्यांना कोर्टाचं बरंच कळायला लागलं होतं, निदान आम्हाला तसं वाटायचं. मी आडून आडून विचारलं. मामा म्हणाले, "अपिलाची मुदत सरल्याबिगर तिला दुसरं लगीन लावता येत न्हाई. आन् तू नकलेचा अर्ज टाकला ना, की नक्कल हातात पडंस्तवर मुदत थांबती. घड्याळच बंद."

हे ऐकल्यावर मला जे वाटलं ते लिहायला अवघड जातं. मला आनंद झाला. ती परत यावी असं मला वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर. पण ती थांबून राहील, तो स्टोअरवाला थांबून राहील, आणि किती थांबायचं ते माझ्या हातात असेल, हे मला गोड वाटलं. निकालानंतर अठराव्या दिवशी मी रजा टाकून शिरूरला गेलो आणि नक्कल विभागात अर्ज दिला.

चार दिवसांनी नकलेचा खर्च किती ते फळ्यावर लागलं. खिडकीतल्या कारकुनानं फोनवर तसं सांगितलंही. रक्कम किरकोळ होती. मी ती भरली नाही. पैसे भरले नाहीत तर नक्कल तयार होणार नाही, नक्कल तयार झाली नाही तर घड्याळ बंद, असा माझा हिशेब. रोज सकाळी ड्यूटीवर जाताना मी मनात म्हणायचो, आज आणखी एक दिवस. तेवीस दिवस मी असे काढले. मग कारकुनानं अर्ज निकाली काढू का म्हणून विचारलं, तेव्हा जाऊन पैसे भरले. सहा दिवसांनी नक्कल तयार झाल्याचा निरोप आला. आणायला मी आणखी पाच दिवसांनी गेलो.

त्या दिवशी ती तिथं भेटली, तीही आपली नक्कल घ्यायला आलेली. नक्कल विभागाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. शेजारी तो, तिची पिशवी मांडीवर धरून. आमच्या अख्ख्या संसारात मी तिची पिशवी कधी धरली नव्हती. उलट ती बाजारातून आली की पिशवी उघडून पाहायचो, पावतीवरची वेळ वाचायचो. तो उठून बाजूला झाला, आम्हाला बोलता यावं म्हणून. त्याच्या त्या बाजूला होण्याचाही मला राग आला. इतका विश्वास कुठून आणतो माणूस?

ती म्हणाली, "आमच्या वकिलांनी रजिस्टर पाहिलं. तुम्ही नक्कल मागितलीय. अपील करणार असाल तर सांगून टाका. तारीख पुढं घेतो आम्ही. पाव्हण्यांना कळवायला लागतं."

"बघू," मी म्हणालो.

"मुदत संपल्याशिवाय काय करत न्हाई आम्ही. पण बघू म्हणजे काय, ते सांगा."

मी नक्कल घेऊन निघालो. त्या दोन वाक्यांतलं 'आम्ही' मात्र मी एस.टी.त बसून दौंडपर्यंत चघळत आलो.

घरी येऊन नक्कल वाचली. कोर्टाच्या भाषेत मी 'जाबदार' होतो. जाबदार अर्जदाराला दर तासाला फोन करी. जाबदाराने शेजाऱ्यांकडे चौकशी केली. जाबदाराने अर्जदार दळण घेऊन येण्यास किती मिनिटे लागतात हे वहीत लिहून ठेवले. वही मीच कोर्टात दाखवली होती, माझा संशय खरा आहे म्हणून. न्यायाधीशांनी तीच तिच्या बाजूनं धरली. ते वाचून लाज वाटायला हवी होती. मला एवढंच वाटलं की आता तो स्टोअरवाला हे सगळं वाचेल.

माझा हिशेब असा होता. अर्जाच्या दिवसापासून नक्कल हातात येईपर्यंत अडतीस दिवस. नव्वदात ते मिळवले की एकशे अठ्ठावीस. शेवटच्या आठवड्यात अपील टाकायचं, तोवर त्यांना लटकत ठेवायचं. एकशे एकोणिसाव्या दिवशी मी वकीलबाईंकडे गेलो. नऊ दिवस हातात आहेत, अशा थाटात.

बाईंनी नक्कल उलटी केली. मागं शिक्के होते, मी कधी नीट पाहिलेच नव्हते. अर्ज केल्याची तारीख, खर्च कळवल्याची, पैसे भरल्याची, नक्कल तयार झाल्याची, नेल्याची. त्यांनी पेन्सिलनं प्रत्येकाखाली रेघ मारली. अर्जापासून खर्च कळवेपर्यंतचे चार दिवस आणि पैसे भरल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे सहा, हे कोर्टानं घेतलेले दिवस, तेवढे सुटतात. पैसे न भरता काढलेले तेवीस आणि तयार नक्कल न उचलता काढलेले पाच, हे तुमचे. ते तुमच्याच खात्यात पडतात. मुदत शंभराव्या दिवशी संपली.

मी विचारलं, शंभरावा दिवस सुट्टीचा असेल तर? त्यांनी कॅलेंडर पाहिलं. बुधवार होता, कोर्ट चालू होतं. सुट्टी असती तरी उघडण्याच्या दिवसापर्यंतच, त्यापुढं नाही.

"म्हणजे एकोणीस दिवस उशीर," त्या म्हणाल्या. "आणि त्यांच्या वकिलांनी बरोबर मोजलंय. लग्न येत्या रविवारी आहे, त्यांचे वकील बाररूममध्ये सांगत होते. मुदत संपून, अपील दाखल नसताना. लग्नाला कायद्यानं कुणी हात लावू शकत नाही."

मी म्हणालो, पण निकाल चुकीचा असला तर? वहीचा अर्थ कोर्टानं उलटा लावला, हे तर खरं आहे ना?

त्या म्हणाल्या, "असेलही खरं. मुदत गेली म्हणून तुमचं म्हणणं खोटं ठरत नाही. पण ते ऐकवायला जागा राहत नाही. समोरच्यालाही कधीतरी कळायला हवं की आता संपलं, आता पुढची कामं करावीत. नाहीतर तुमच्यासारखा माणूस दहा वर्षांनीही वही घेऊन येईल."

मग त्यांनी सांगितलं की एक वाट असते. उशीर माफ करा म्हणून अपिलासोबत जिल्हा न्यायालयात अर्ज देता येतो. पण कारण पुरेसं लागतं, आणि ते प्रतिज्ञेवर सांगावं लागतं.

मी बाहेर येऊन मामांना फोन लावला. मामा म्हणाले, आजारपणाचं सर्टिफिकेट मिळवू, वीस दिवसांचं, त्यात काय. मी परत आत जाऊन बाईंना विचारलं. त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या हजेरीच्या रजिस्टरवर त्या दिवसांच्या सह्या आहेत ना? त्यांचा वकील ते मागवणार. आणि ते नसतं तरी मी लिहिणार नाही." मग टेबलावरचा एक कोरा कागद माझ्याकडं सरकवला. "उशीर का झाला ते आधी तुमच्या हातानं लिहा. जसं घडलं तसं. मी नंतर कोर्टाच्या भाषेत बसवते. लिहिता येतंय का बघा."

बाई दुसऱ्या एका पक्षकाराशी बोलायला बाहेर गेल्या. मी पेन घेऊन बसलो. पहिलं वाक्य लिहिलं: नकलेचा खर्च कळूनही मी तो भरला नाही. पुढं 'कारण' असं लिहिलं. मला काय वाटत होतं ते माहीत होतं. तिनं दळणाला निघावं तर विचारून निघावं, लग्न करावं तर मला विचारून करावं, असं वाटत होतं. मी तेच लिहिलं, जवळजवळ याच शब्दांत. लिहून झाल्यावर वाचलं, तेव्हा ते निकालपत्रातल्या त्या उताऱ्यांसारखंच दिसत होतं. फरक एवढाच की या वेळी 'जाबदार' नव्हतं, 'मी' होतं.

बाई परत आल्या, उभ्यानंच कागद वाचला. सहीची जागा रिकामी होती.

"टाकायचं का अपील?" त्यांनी विचारलं.

"नको."

"रागावून नको म्हणू नका. नीट विचार करून सांगा."

"नकोच," मी म्हणालो. त्यांनी कागद मला परत दिला आणि फाईलीवर काहीतरी लिहून ती कपाटात ठेवली.

मी शहाणा होऊन आलो, असं नाही. त्या रविवारी मी आपणहून ड्यूटी मागून घेतली. दुपारी जेवायला बसलो तेव्हा मुहूर्त होऊन गेला असणार, हे मनात आलं आणि डबा तसाच झाकला. ती आता कुणाला सांगून बाहेर पडत असेल, तो विचारत असेल का, विचारत नसेल तर तिला बरं वाटत असेल का, हे प्रश्न महिनाभर डोक्यात राहिले. अजूनही मधूनमधून येतात. कामानिमित्त पुण्याला जायचं असलं की मी दौंडहून रेल्वेनंच जातो. वाकडी वाट करून शिरूरवरून गेलो तर सणसवाडी लागते, आणि तिथं बस थांबली की मी खिडकीतून भाड्याच्या खोल्यांच्या रांगांकडे पाहत बसतो, हे मला एकदा जाऊन कळलं आहे.