दादाच्या कानशिलावरचा काथ्या

कलप म्हणजे काय, काळा रंग कालवायचा आणि थापायचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या थोरल्या भावाचं डोकं एकदा हातात घ्यायला हवं होतं. मागचे केस मऊ आणि अर्धेअधिक काळे, त्यांचं काही नाही. पण दोन्ही कानशिलांवर आणि कपाळाच्या वर नुसता काथ्या! जाड, ताठ, पांढरेफटक केस. पाणी लावलं तर थेंब वरच्या वर ओघळायचे, आत काही शिरायचं नाही.

आमचं दुकान रत्नागिरीच्या बाजारात होतं आणि दुकानाच्या मागेच घर. मी गिरगावात एका मोठ्या दुकानात काही वर्षं काम करून परत आलो होतो. कलप लावणं मी तिथंच शिकलो. दादा मात्र मुंबईतच राहिला, कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. वर्षातून एकदा, गणपतीला, घरी यायचा. वहिनी आणि मुलं इथं आमच्यात.

त्या वर्षी तो आला तोच तोंड पाडून. गिरण्यांतून माणसं काढायला सुरुवात झाली होती. त्याच्या जॉबरनं, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमानं, त्याला सरळ सांगितलं होतं, "साहेब पांढरं डोकं बघतो आणि बोट दाखवतो. काळा होऊन ये, नायतर येऊच नको." झालं! गौरी-गणपती गेले की बोटीनं परत जायचं होतं, आणि तोवर हे डोकं काळं व्हायला हवं होतं. पोटाचा प्रश्न होता, हौसेचा नव्हे.

असल्या केसांना आधी नरम करावं लागतं. औषधाच्या दुकानातून जखमा धुवायच्या पेरॉक्साइडची ताजी बाटली आणायची. शिळी झाली की त्यात दम राहत नाही. चिनी मातीच्या वाटीत थोडं ओतायचं, पितळ-तांब्याला लावायचं नाही. त्यात अमोनियाचे अगदी मोजके थेंब टाकायचे आणि कापसानं फक्त हट्टी पांढऱ्या केसांवर फिरवायचं. थोडा वेळ थांबायचं, मग कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं आणि कलप पहिल्यांदा तिथंच लावायचा. केसावरचं कवच जरा सैल होतं आणि रंग आत शिरतो. पण एक अट आहे. केसाला तेल नको. तेल असलं की सगळी मेहनत फुकट.

हे मी दादाला सांगितलं, वहिनीलाही सांगितलं. "रिठ्यानं डोकं धुवा, आणि वाळल्यावर तेलाचं बोटसुद्धा लावू नका." वहिनी म्हणाली, "बरं, भावजी." आमच्याकडं तेल न लावता माणूस उंबऱ्याबाहेर पडत नाही, खोबरेल तर घरच्याच नारळाचं, म्हणून मी दोनदा बजावलं. कलपाचा ठिपका आदल्या दिवशी कानामागे लावून बघितला होता. खाज नाही, पुरळ नाही.

दादा दुकानात येऊन बसला. केस कोरडे दिसत होते. मी सगळं रीतसर केलं, आणि शेवटी डोकं धुतलं तर काय! मागं छान काळं आणि कानशिलांवर कुठे तांबूस, कुठे राखाडी, कुठे जसंच्या तसं पांढरं. दादानं आरसा बघितला आणि खाली ठेवला. तेवढ्यात माझं लक्ष घंगाळाकडं गेलं. पाण्यावर तेलाचे डोळे तरंगत होते.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "दादा, तेल कोणी लावलं?"

"मुळाशी जरासं लावलं असेल हिनं. डोकं कोरडं पडेल म्हणाली."

"जरासं? अरे, मी काय मराठीत बोललो नव्हतो?"

आत जाऊन मी वहिनीला चार शब्द सुनावले. ती चुलीपुढं मान खाली घालून बसली होती. "चुकलं, भावजी," एवढंच म्हणाली. मला वाटलं, बायकांची सवय आहे, हात आपोआप तेलाच्या बुधलीकडं जातो.

लगेच पुन्हा केलं असतं तर कातडी भाजली असती, म्हणून मध्ये काही दिवस जाऊ दिले. ते दिवस दादानं टोपी घालून काढले. शेजारी कुणी आलं की उठून परसात जायचा. बोटीचा दिवस जवळ आला. मी पुन्हा बाटली आणली, पुन्हा सगळ्यांना बजावलं, आणि दादा पुन्हा खुर्चीत बसला. मी कानशिलावर बोट टेकलं मात्र, सुळकन घसरलं! मागचे केस स्वच्छ कोरडे होते. तेल होतं ते फक्त दोन्ही कानशिलांवर आणि कपाळाच्या वर, नेमकं जिथं नको तिथं.

"आता मात्र हद्द झाली!" मी कंगवा फेकला. समोर दाढीला बसलेलं गिऱ्हाईक दचकलं. "तुला नोकरी हवी आहे की नको ते एकदा सांग, म्हणजे मी तरी मोकळा होतो!"

"माझ्यावर कशाला ओरडतोस?" दादाही चिडला. "निघताना हिनंच चोळलं. म्हणाली, तुमच्या भावानंच सांगितलंय, तिथं चोळा म्हणून."

मी असं काही सांगितलं नव्हतं. पण तेव्हा विचार करायला डोकं ठिकाणावर कुठं होतं? दादाचा हात धरला, मागच्या दारानं विहिरीवर नेला आणि स्वतः रिठे कुस्करून त्याचं डोकं खसाखसा धुतलं. फेस जमेपर्यंत पुन्हापुन्हा धुतलं. तो कुरकुरत होता. वहिनी दारात उभी होती. तिला मी म्हणालो, "वहिनी, आता ह्याच्या जवळसुद्धा येऊ नका." ती आत गेली.

केस वाळल्यावर कापूस घेतला. जे आधीच काळे झाले होते ते चुकवत, एकेक पांढरी बट नरम केली. टिपताना बोटांना कळलं, काथ्याचा ताठा गेला होता. मग कलप लावला, कानशिलांपासून सुरुवात करून. या वेळी धुतल्यावर सगळं डोकं एकसारखं काळं निघालं. कुठे डाग नाही, कुठे तांबूस झाक नाही. दादानं आरसा डावीकडं धरला, उजवीकडं धरला आणि किती दिवसांनी हसला. माझा सगळा राग निवळला. गिरगावातल्या माझ्या मालकानं बघितलं असतं तर पाठ थोपटली असती.

दादाला बोटीवर पोचवायला बंदरावर वहिनी आणि मी दोघंच गेलो होतो. किनाऱ्यावरून माणसं नेणारा पडाव त्याला घेऊन खोल पाण्यातल्या बोटीकडं निघाला. तो उभा राहून हात हलवत होता, आणि लांबून बघणाऱ्याला तिशीतला गडी वाटला असता. मी वहिनीला म्हणालो, "बघा, कसा दिसतोय! आता जॉबरची काय टाप आहे नाही म्हणायची? आणखी दहा वर्षं काढील गिरणीत."

वहिनी पडावाकडंच बघत होती. पदर तोंडाला लावला होता.

"होय ना," ती म्हणाली. "पांढरं डोकं घेऊन घरी राहिले असते, भावजी. मी दोनदा तेल चोळलं, आणि तुम्ही धुतलंत."