स्तंभ एकतिसावा

शांतीलाल मूळचा ब्राह्मणपुरीचा. घरी केळी होती, कापूस होता, पण डोळे लहानपणापासून अक्षरांत अडकलेले. म्हणून तो नंदुरबारच्या पाहणी कचेरीत संकेत-कारकून झाला. गावोगावच्या घरांची माहिती छापील फॉर्मांवर भरून येई. शांतीलाल ती आकड्यांत बसवी आणि ते आकडे पुण्याला जाड कार्डांवर भोकांच्या रूपात उमटत. एका कार्डावर ऐंशी स्तंभ. कोणत्या स्तंभात काय आहे, किती आकडी आहे आणि कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे सांगणारी संकेतपुस्तिका त्यानेच हाताने लिहिली होती. पुण्यातल्या विश्लेषकांनी घरं पाहिलेली नव्हती. त्यांना दिसे ती फक्त भोकं आणि ही पुस्तिका.

सन त्रेसष्टच्या उन्हाळ्यात पुण्याचं पत्र आलं. बैल घ्यायला मदत द्यायच्या गावांची यादी होत होती. डोंगरातले चौदा पाडे तिच्यातून गळणार होते, कारण तिथे दर घरी सरासरी सात बैल निघाले होते. शनिवारपर्यंत दुजोरा हवा होता.

जामसिंग पत्र ऐकून खो खो हसला. हाच त्या पाड्यांत पायी हिंडून फॉर्म भरून आणणारा माणूस, घरी भिली बोलणारा आणि कचेरीत अहिराणी.

"सात बैल! शांतीलालभाई, एक जोडी ऱ्हायनी तं तो पाड्याना राजा शे."

"मग तू काय लिहिलंस?"

"मी काय लिखू? त्या लोक बैल मोजीसन सांगतसच नही. मोजं की नजर लागस म्हनतस. मी लिखं, सांगितलं नाही."

शांतीलालने संकेतपुस्तिका पुढे ओढली. बैलांना एकच आकडा, एकतिसावा स्तंभ. शून्य ते आठ म्हणजे तितके बैल. न सांगणाऱ्यांसाठी त्याने नऊ ठरवला होता. आणि पुस्तिकेत? त्याने पान उघडलं. 'स्तंभ ३१ : बैल, संख्या, एक आकडी.' बस. नऊचा अर्थ लिहायचा राहून गेला होता. मला ठाऊक आहे म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे, असं वाटलं असणार. त्यात तापीकाठच्या मोठ्या शेतकऱ्यांचे नऊ-दहा बैलही त्याने नऊमध्येच घातले होते. आता नुसतं कार्ड बघून दोन्ही वेगळे करता येणार नव्हते.

त्याने ते पान कचेरीच्या साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, "डोंगरातले फॉर्म नीट भरलेच नव्हते, असं कळवा. तुमची कायम होण्याची फाइल वर गेलीय, शांतीलाल."

"फॉर्म नीट भरलेत, साहेब. पानच अपुरं आहे."

"मग भोगा."

मंगळवारपासून शांतीलालने अकराशे चाळीस फॉर्म एकेक करून पुन्हा उघडले. मान अवघडली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. जेवणाचा डबा बंदच राही. जामसिंग शेजारी बसून नावं वाची, शांतीलाल घरक्रमांक लिही. शुक्रवारी संध्याकाळी हिशेब लागला. नऊ आकड्याची कार्डं दोनशे एकतीस. त्यांतले खरोखर नऊ किंवा जास्त बैलवाले सतरा, सगळे तापीकाठचे. बाकीचे दोनशे चौदा, न सांगणारे.

मग त्याने पान नव्याने लिहिलं. एकतिसावा स्तंभ : बैल, शून्य म्हणजे एकही नाही, एक ते आठ म्हणजे तितके, नऊचा अर्थ अठ्ठ्याहत्तराव्या स्तंभावरून ठरवावा, एकतिसावाच कोरा असल्यास विचारलंच नाही. अठ्ठ्याहत्तरावा स्तंभ सगळ्या कार्डांवर मोकळा होता. तिथे एक म्हणजे सांगितलं, मग नऊ म्हणजे नऊ किंवा जास्त बैल; दोन म्हणजे सांगितलं नाही. जुनी कार्डं फेकायला नकोत, एक भोक वाढवलं की झालं. खाली त्याने लिहिलं : अठ्ठ्याहत्तराव्यात दोन असेल, ते घर सरासरीत धरू नये. सोबत घरक्रमांकांची यादी जोडली. पत्राच्या शेवटी लिहिलं, चूक संकेत-कारकुनाची. सही केली.

"साहेबले सांगू?" जामसिंगने विचारलं.

"त्यांना वाचता येतं."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. चौदा पाडे यादीतून काढले नव्हते, थांबवले होते. सांगणाऱ्यांवरून निघालेली सरासरी होती एकाहूनही कमी. पण सांगणारे थोडे, म्हणून फेरपाहणी करा, असा हुकूम होता. शांतीलालची फाइल खाली आली, तिच्यावर 'आणखी एक वर्ष पाहावे' असा शेरा.

जामसिंगने वहाणा झटकल्या. "आते पुन्हा चालनं. आन पुन्हा कोन्ही सांगाव नही."

"बैल विचारू नकोस. काय विचारलं तर सांगतील?"

जामसिंगने जरा विचार केला. "नांगर. किती नांगर चालतस, ते सांगतस. त्यामा लाज नही, नजर नही."

शांतीलालने पुस्तिकेचं कोरं पान उघडलं. डोळे चोळले, दौत जवळ घेतली. स्तंभ एकोणऐंशी, त्याने लिहिलं : चालणारे नांगर, एक आकडी. लेखणी न उचलताच खाली पुढची ओळ लिहायला घेतली : नऊ म्हणजे काय.